मे महिन्यात मांडलेली गच्चीवरची बाग जुलैत का बसते

प्रश्न: पर्वरीला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. त्याला लागून साधारण २०० चौरस फुटांची उघडी गच्ची, जी खालच्या घराचं छत आहे. मेच्या मध्यावर एका सर्व्हिसवाल्यांकडून ३० ग्रो बॅगांची परसबाग करून घेतली, वर्षभराच्या देखभालीसकट. जून बरा गेला. जुलैत टोमॅटो आठवड्याभरात गेले, मिरची पिवळी पडून थांबली, वांगी एकेक करून माना टाकतायत, भेंडी तेवढी उभी आहे. ते म्हणतात, "गोव्याचा पाऊस, त्याला कोण काय करणार? चवथीनंतर परत रोपं लावून देतो." त्यात खालच्यांच्या छताला ओल आलीय आणि सोसायटी म्हणते, बॅगा काढा. करार चालू ठेवू की सगळं गुंडाळू?

उत्तर:

गुंडाळू नका. पण चवथीनंतर त्याच मातीत परत रोपंही लावून घेऊ नका, कारण पहिल्या वेळी जे चुकलं ते त्या बॅगांत अजून तसंच आहे.

तिसवाडी, बार्देस आणि फोंड्याकडे मी सोळा वर्षं हेच काम करतोय. पहिली दोन वर्षं मीही मे महिन्यात बागा मांडल्या. लोकांचे फोन तेव्हाच येतात: मुलांना सुट्टी असते, नर्सरीत रोपं असतात, आणि जूनची पहिली सर आली की सगळं तरारून येतं. गिऱ्हाईक खूश, आपण खूश. जुलैच्या मध्यावर तेच फोन उलटे यायला लागतात. पाऊस कारण आहे हे तुमचे सर्व्हिसवाले म्हणतात ते खोटं नाही, पण गोव्यात पाऊस पडणार हे मे महिन्यात त्यांना माहीत होतंच की.

आधी टोमॅटो आणि वांगी कशाने गेली ते शोधा, कारण त्या बॅगांचं पुढे काय करायचं ते त्यावर ठरतं. जे वांगं आता मान टाकतंय पण अजून हिरवं आहे, ते उद्या सकाळी मातीपासून दोन बोटं वर कापा. बुंध्याकडचा वीतभर तुकडा घ्या. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी भरा आणि तुकड्याचं कापलेलं टोक पाण्यात जेमतेम बुडेल असा तो वरून धरा, किंवा काठाला चिमट्याने अडकवा. हलवू नका. तीन ते पाच मिनिटं पेल्यामागे काळा कागद धरून बघत राहा. उदबत्तीचा धूर उलटा खाली उतरावा तशी दुधट पांढरी रेघ देठातून पाण्यात उतरताना दिसली, तर तो जिवाणूजन्य मर रोग. आपल्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत हा जिवाणू मुरलेला असतो, आणि ऊब व ओल दोन्ही मिळाली की तो उठतो. झाड पिवळंही पडत नाही, हिरव्या अंगानेच खाली बसतं. त्याला औषध नाही. कुणी फवारणी सुचवली तर पैसे वाचवा.

रेघ दिसली, तर ती बॅग टोमॅटो, वांगी आणि मिरची या तिघांना दोन वर्षं बंद. आलंही नको. भेंडी, तांबडी भाजी, अळसांदे चालतील. आणि त्या माणसाने सगळ्या ३० बॅगा एकाच कात्रीने छाटल्या का, हेही विचारा. आमच्याकडे एका मुलाने म्हापशातल्या गच्चीवर असंच केलं होतं. रोग कात्रीबरोबर ओळीने चालत गेला, कुठून कुठे गेला ते वाळलेल्या झाडांवरून बोट ठेवून दाखवता येत होतं. तेव्हापासून आम्ही स्पिरिटची बाटली कंबरेला लावूनच गच्चीवर चढतो. वांग्याची हौसच असेल, तर जुने गोवे इथल्या आयसीएआरच्या संस्थेने या मर रोगाला टिकणाऱ्या जाती काढल्या आहेत. रोपं घेताना त्यांची चौकशी करा.

पेल्यात काही उतरलं नाही, तर झाड उपटून मुळं बघा. निरोगी मूळ पांढरं आणि ताठ असतं. बुडालेलं मूळ तपकिरी असतं, चिमटीत धरून ओढलं की वरची साल निसटते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. वासही येतो, तुंबलेल्या गटारासारखा. माती ओली असताना झाड कोमेजलेलं दिसलं की बहुतेक हेच असतं. नेमकं त्याच वेळी घरातलं कुणीतरी कळवळून त्याला तांब्याभर पाणी घालतं.

तुमच्या बॅगांत काय भरलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मे महिन्यात भरलेल्या बॅगेत निम्मं कोकोपीट असतंच. त्यात त्यांचा दोष नाही म्हणा. ते हलकं असतं, जिना चढवायला बरं, आणि मेच्या उन्हात पाणी धरून ठेवतं. जुलैत हाच गुण उलटतो. बारीक कोकोपीट म्हणजे स्पंज, आणि रोज भिजणाऱ्या स्पंजात हवेला जागाच राहत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते.

स्पंजावरून एक प्रयोग सांगतो. मी तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाच्या सिंकपाशी करून दाखवतो. भांडी घासायचा लांबट स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. थेंब पडतील, मग थांबतील. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. परत पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेवढंच, उंची वाढल्याबरोबर जास्त पाणी निघालं. प्रत्येक कुंडीच्या तळाशी एक थर असा राहतो, ज्यातलं पाणी आपणहून निघत नाही. हा थर मातीच्या जातीवर ठरतो, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून सहा इंच उंच ट्रेमध्ये निम्मी मुळं त्या चिखलात असतात, आणि बारा-चौदा इंच उंच बॅगेत फक्त तळाची थोडी.

तळाला खडी घातली की निचरा होतो, असं आपल्याकडे सगळे सांगतात, नर्सरीवालेसुद्धा. होत नाही. वरची बारीक माती पूर्ण भिजून भरल्याशिवाय पाणी खालच्या मोठ्या फटींत उतरतच नाही. म्हणजे तो चिखलाचा थर तसाच राहतो, फक्त तळाऐवजी खडीच्या वर बसतो, मुळांच्या आणखी जवळ. खडी घालायचीच, तर ती मातीत मिसळून घाला.

पावसाळ्यात टिकायच्या बॅगा मी अशा भरतो: दोन घमेली चाळलेली तांबडी माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक घमेलं भरड माल. भरड म्हणजे भाताचं तूस, नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे आणि चिऱ्याची बारीक खडी, जे हाताशी असेल ते. कोकोपीट घातलंच तर मूठ-दोन मूठ. भरल्यावर बॅग एकदा पूर्ण भिजवायची, अर्धा तास सोडायची आणि मग वरून एकदम दोन लिटर पाणी ओतायचं. मिनिटभरात वरचं तळं नाहीसं झालं आणि खालून धार लागली, तर बॅग जुलै काढेल. पाणी वर उभं राहिलं, तर बॅग रिकामी करून परत मिसळायची. देखभालवाल्याकडून काम ताब्यात घेताना हीच परीक्षा तुमच्यासमोर घ्यायला लावा.

आणि बॅग जमिनीवर सपाट ठेवायची नाही. ओल्या टाइलवर प्लॅस्टिकचा तळ असा चिकटतो की भोकं असून नसल्यासारखी होतात. खाली चिऱ्याचे किंवा विटेचे तीन तुकडे, दोन इंच मोकळे. काही जण बॅगेखाली ताटल्या देतात. त्या उन्हाळ्यात ठीक. जून लागला की सगळ्या काढून ठेवायच्या. साचलेल्या पाण्यात डासाचं अंडं आठ-दहा दिवसांत उडायला लागतं, आणि डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात वाढतो.

मिरचीचं दुखणं निराळं आहे. तिची खालची, जुनी पानं आधी सारखी पिवळी पडली असतील आणि झाड ताठ उभं असेल, तर तिची मुळं ठीक आहेत, तिला खायला नाही. आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. बारा इंची बॅगेच्या तोंडावर तो जमा केला, तर २१० लिटर होतो. बॅगेत माती असते १८ लिटर. म्हणजे त्या मातीला हंगामात जवळजवळ बारा वेळा धुऊन काढलं जातं. नत्र पाण्याबरोबर सर्वांत आधी जातं, पालाशही जातं. मे महिन्यात भरपूर खत घालून दिलंय असं ते सांगतील, आणि घातलंही असेल. ते आता गटारातून मांडवीत पोचलंय.

म्हणून पावसात खत थोडं आणि वारंवार. पंधरा दिवसांनी बॅगेला दोन मोठे चमचे कडुलिंबाची पेंड आणि मूठभर गांडूळखत, वरच्या मातीत बोटांनी मिसळून. पेंड हळू कुजते, एका सरीत निघून जात नाही. जीवामृत आणि बाकी सगळी पातळ खतं या दिवसांत ओतणं म्हणजे गच्ची धुणं. मध्ये दोन दिवस उघडीप मिळाली, तर १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला ३ ग्रॅम घेऊन सकाळी पानांवर फवारा. मिरची आठवड्यात रंग धरते. गोव्यातल्या सगळ्या घरांत असतं ते नुस्त्याचं, म्हणजे मासे धुतलेलं पाणीही चांगलं, पण तिसऱ्या मजल्यावर नको. कावळे, मांजरं आणि खालचे शेजारी, तिन्ही वर येतात.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, तरी विचारतो: वर हिरवी जाळी अजून आहे का? बहुतेक ठिकाणी असते. मे महिन्यात लावलेली शेडनेट कुणी काढत नाही. ती पाऊस अडवत नाही, फक्त थेंब फोडते, आणि आधीच काळोख्या जुलैत निम्मा उजेड खाते. मार्च ते मे ती हवीच. पहिल्या पावसाला गुंडाळून आत.

आता ओलीचं. सोसायटीला दोन शंका असतात, वजनाची आणि गळतीची, आणि दोन्ही एकाच वाक्यात येतात, म्हणून वेगळ्या करून बोला. पूर्ण भिजलेली बारा इंची बॅग साधारण २२ किलो. तीस बॅगा म्हणजे ६६० किलो, तुमच्या साडेअठरा चौरस मीटरवर पसरलेले, म्हणजे मीटरला ३५ किलो. वापरायच्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे १५० किलो धरलेले असतात. तेव्हा बॅगा विखरून ठेवल्या असतील, तर वजनाचा प्रश्न नाही. उद्या कुणी तुम्हाला विटांचे फूटभर खोल वाफे बांधून देतो म्हणालं, तर मात्र नको म्हणा. त्यात भिजलेली माती मीटरला ५०० किलोवर जाते.

गळती बॅगेमुळे होत नाही, साचलेल्या पाण्यामुळे होते, आणि पाणी बहुतेक वेळा बॅगांमुळे साचतं. कोकोपीट आणि पानं वाहत जाऊन पावसाच्या पाइपच्या जाळीवर बसतात. गच्चीवर इंचभर पाणी उभं राहतं, आणि टाइलच्या सांध्यात किंवा कठड्याच्या मुळाशी जी फट कोरड्यात कधी दिसली नसती, ती सापडते. फोंड्यातल्या एका गच्चीवर मला असंच बोलावलं होतं. खालच्या बेडरूमच्या छतावर ओलीचा नकाशा उमटला होता, आणि दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नव्हती. मी जाळी उघडली, आतून मूठभर काळा लगदा निघाला आणि गच्चीवरचं पाणी दहा मिनिटांत गेलं. बॅगा कठड्यापासून दीड फूट आत घेतल्या, जाळीभोवती हातभर जागा मोकळी ठेवली. आठ दिवसांनी डाग वाढायचा थांबला. वाळायला दिवाळी लागली, आणि फट अर्थातच नंतर गवंड्याकडून भरून घ्यावी लागली.

तुम्हीही आज एवढंच करा: जाळी साफ, बॅगा कठड्यापासून दूर. मग खालच्यांच्या छतावरच्या डागाची कड पेन्सिलने आखून तारीख लिहायची परवानगी मागा. पाऊस चालू असताना डाग त्या रेषेच्या आत राहिला, तर साचलेलं पाणी हेच कारण. रेषा ओलांडून गेला, तर वॉटरप्रूफिंगच गेलंय, आणि मग बॅगा खरंच उचलाव्या लागतील, निदान काम होईपर्यंत. पाऊस संपल्यावर, कोरड्यात, गच्चीची परीक्षा घ्या: पाइपचं तोंड बंद करून इंचभर पाणी २४ तास उभं ठेवायचं आणि खाली जाऊन छत बघायचं. हे खरं म्हणजे बाग मांडायच्या आधी करायचं असतं, खालच्या शेजाऱ्यांना बरोबर घेऊन, फोटोसकट. मी आता त्याशिवाय कामच घेत नाही. नाहीतर दहा वर्षांची जुनी ओलही माळ्याच्या नावावर चढते.

करार चालू ठेवावा का, हे त्यांना विचारल्यावरच ठरेल. तीन गोष्टी विचारा. जून ते सप्टेंबरात तुम्ही किती वेळा येता आणि आल्यावर काय करता? मेलेलं रोप बदलून देता, तेव्हा माती बदलता का? आणि जाळी साफ करणं तुमच्या कामात येतं की आमच्या? "पंधरा दिवसांनी येतो, खत-औषध करतो" असं बाराही महिन्यांचं एकच उत्तर आलं, तर ते पुण्या-मुंबईचा करार गोव्यात चालवतायत. आमच्या इथे पावसाळ्यातली फेरी आठवड्याची हवी, पण वीस मिनिटांची: जाळी, साचलेलं पाणी, मेलेली पानं, गोगलगायी, बस. उलट नोव्हेंबर ते फेब्रुवारी पंधरवड्याला एक लांब फेरी पुरते. आणि रोप फुकट बदलून देण्याची हमी फार मनावर घेऊ नका. रोप दहा रुपयांचं असतं. माती बदलायची मजुरी कुणाच्या अंगावर, ते लिहून घ्या.

ते कबूल झाले, तर त्यांच्याकडूनच पुढचं करून घ्या. नसतील, तर दुसरा माणूस बघा, पण काम हेच. आता फक्त जगलेल्या बॅगा सांभाळायच्या. मर रोगाच्या बॅगांवर खूण करून त्या कोपऱ्यात वेगळ्या, बाकीच्यांपासून पाणी वाहून जाईल त्या बाजूला. दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरला की चांगल्या बॅगांची माती ताडपत्रीवर काढून दोन-तीन दिवस वाळवायची, भरड माल आणि नवं खत मिसळून परत भरायची. दिवाळीपर्यंत टोमॅटो, मिरची, नवलकोल यांची रोपं बसली पाहिजेत. तांबडी भाजी आणि मुळा थेट बियांनी. तांबडी भाजी पंचवीस-तीस दिवसांत उपटायला येते. दर दहा दिवसांनी दोन बॅगा पेरल्या तर घरात खंड पडत नाही. मार्चपर्यंत तुमची खरी बाग हीच. मर रोगाच्या बॅगा एप्रिल-मेमध्ये ओल्या करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली पाच-सहा आठवडे कडक उन्हात ठेवायच्या. जिवाणू पूर्ण मरत नाहीत, कमी होतात, म्हणून वरची दोन वर्षांची बंदी तरीही पाळायचीच.

पुढच्या मेअखेर तीसपैकी दहा-बाराच बॅगा उघड्यावर चालू ठेवा, त्याही पावसाच्या पिकांच्या: भेंडी, मायाळू, अळू, आणि मोठ्या बॅगेत एखादं दोडकं. बाकीच्या रिकाम्या करून, घडी घालून, माती पोत्यांत भरून जिन्याखाली. दोन बॅगा मात्र हळदीला द्या. मेअखेरीस गड्डे लावले की चवथीपर्यंत पातोळ्यांना पानं घरची होतात. झाडाची वाढ थांबू नये म्हणून एका झाडाची दोनापेक्षा जास्त पानं एका वेळी तोडू नका. गड्डे जानेवारीत, पानं वाळली की काढायचे.